पगारदिनी आपोआप बचत

पगार खात्यात जमा झाला की त्यातला ठरलेला भाग लगेच बचतीच्या खात्यात वळता व्हावा, यासाठी एकदाच लावून ठेवायची व्यवस्था. एरवी महिनाभर खर्च होतो आणि उरेल ते शिल्लक पडते. इथे क्रम उलटा असतो : बचत आधी वजा होते आणि जे उरते त्यात महिना काढायचा असतो. व्यवस्था लावणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. पुढे ती कोलमडते ती बहुधा दोन कारणांनी, तारीख चुकल्याने किंवा रक्कम चुकल्याने.

रक्कम वळती करण्याचे मार्ग

सर्वांत भक्कम मार्ग पगार देणाऱ्याकडेच असतो. काही ठिकाणी पगार दोन खात्यांत विभागून जमा करण्याची सोय असते. बचतीचा भाग खर्चाच्या खात्यात येतच नाही, त्यामुळे तारखेचा प्रश्नच उद्भवत नाही. ही सोय असेल तर तीच घ्यावी.

बहुतेकांना ती नसते. मग आपल्या बँकेला स्थायी सूचना द्यावी लागते : अमुक तारखेला अमुक रक्कम या खात्यातून त्या खात्यात टाका. सूचना आपण दिलेली असते, तेव्हा ती बदलता किंवा थांबवता येते. शिल्लक अपुरी असेल तर सहसा त्या महिन्याचे हस्तांतरण होत नाही, एवढेच. काही बँका दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, तर काही शुल्क लावतात.

तिसरा मार्ग ऑटो-डेबिटचा. इथे पैसे घेणारी संस्था आपल्या संमतीपत्राच्या, म्हणजे मॅन्डेटच्या, आधारे आपल्या खात्यातून रक्कम ओढते. गुंतवणुकीच्या मासिक हप्त्यांना हा मार्ग सर्रास वापरतात. तो बाउन्स झाला तर आपली बँक आणि घेणारी संस्था दोघीही दंड लावू शकतात. म्हणून पगाराच्या खात्यातून थेट ऑटो-डेबिट लावण्यापेक्षा रक्कम आधी स्थायी सूचनेने बचत खात्यात न्यावी आणि दोन-तीन दिवसांनी तिथून हप्ता जाऊ द्यावा. पगार लांबला तर फक्त हस्तांतरण चुकते. बचत खात्यात एका हप्त्याइतकी रक्कम पडून असेल तर दंडही बसत नाही.

तारीख

‘पगार 1 तारखेला होतो’ हे बहुतेक वेळा अर्धसत्य असते. सुट्टी आली की पगार आदल्या कामाच्या दिवशी येतो किंवा नंतरच्या. शिवाय बँकांची स्थायी सूचनांची कामे अनेकदा पहाटेच चालतात आणि पगाराची रक्कम दिवसभरात केव्हातरी जमा होते. सूचना 1 तारखेची आणि पगारही 1 तारखेचा असेल, तर पहाटे खाते रिकामे असल्याने हस्तांतरण फसते आणि दुपारी पगार येतो. एखाद्या महिन्यात जमते, एखाद्यात नाही, आणि खातेदाराला कारण उमगत नाही.

उपाय साधा आहे. मागच्या बारा महिन्यांचे खातेउतारे काढून पगार प्रत्यक्ष जमा झाल्याच्या तारखा पाहाव्यात. त्यांतली सर्वांत उशिराची तारीख घेऊन तिच्या दुसऱ्या दिवसाची सूचना द्यावी. सर्वांत उशिरा 3 तारखेला आला असेल, तर सूचना 4 तारखेची. याहून पुढे ढकलू नये, कारण पगारानंतरच्या पहिल्या आठवड्यात खाते भरलेले दिसते आणि मोठी खरेदी तेव्हाच होते. घरभाडे आणि कर्जाचे हप्ते साधारण याच दिवसांत जातात. ते आणि बचत मिळून पगारात बसतात की नाही, हे आधीच ताडून पाहावे.

पगार दर दोन आठवड्यांनी मिळत असेल तर सूचनाही ‘दर दोन आठवड्यांनी’ अशीच द्यावी, महिन्याच्या तारखेने नाही. अशा पगाराचे वर्षात 26 हप्ते पडतात, म्हणजे सहसा दोन महिन्यांत तीन-तीन. मासिक सूचना दिली तर ते दोन जास्तीचे हप्ते बचतीला न शिवता खर्चात जातात.

रक्कम

दहा टक्के, वीस टक्के असे आकडे सांगण्याची पद्धत आहे. पगाराचा आकडा पाहून टक्के ठरवणे हीच पहिली चूक. किती झेपेल हे पगार सांगत नाही, पगाराच्या आदल्या दिवशीची शिल्लक सांगते. तीही नुसती नाही, एका महिन्यापासून दुसऱ्यापर्यंत ती किती बदलली ते पाहावे लागते. दर महिन्याला पगाराआधी पाच हजार शिल्लक दिसत असतील तर महिन्याला पाच हजार वाचतात असे वाटते. खरे तर तेच पाच हजार पुढे पुढे सरकत असतात आणि बचत शून्य असते.

एक उदाहरण घेऊ, चलन कोणतेही धरावे. पगार 50,000. पगाराच्या आदल्या दिवशीच्या सात शिल्लक रकमा क्रमाने अशा : 4,100, 6,300, 4,900, 9,800, 8,200, 10,900 आणि 9,700. पहिल्या रकमेपासून शेवटच्यापर्यंत सहा महिन्यांत 5,600 ची भर पडली, म्हणजे महिन्याला सुमारे 930. आजच्या सवयीत या माणसाची खरी बचत एवढीच आहे.

आता त्याने उत्साहात दहा टक्के, म्हणजे 5,000 ची सूचना लावली. खर्च तसाच राहिला तर दर महिन्याला सुमारे 4,070 ची तूट पडेल. हाताशी 9,700 ची उशी आहे. पहिल्या महिन्यानंतर ती 5,630 वर येते, दुसऱ्यानंतर 1,560 वर, आणि तिसऱ्या महिन्यात पगाराच्या आधीच खाते रिकामे होते. पहिले दोन महिने सगळे सुरळीत वाटते ते केवळ उशीमुळे. तिसऱ्या महिन्यात बचत खात्यातून पैसे परत आणावे लागतात. एकदा आणले की दर महिन्याला आणले जातात, आणि पैसे 4 तारखेला जाऊन 24 तारखेला परत येऊ लागतात. दोष चिकाटीचा नसतो, वजाबाकीचा असतो.

त्याच माणसाने 2,000 पासून सुरुवात केली तर तूट 1,070 ची राहते आणि तीच उशी नऊ महिने पुरते. तेवढ्या काळात मासिक खर्चातून सुमारे 1,100 कमी करणे त्याला शक्य असते. पहिल्याच महिन्यात 4,000 कमी करणे बहुधा नसते. ढोबळ नियम असा करता येईल : सध्याच्या खऱ्या बचतीच्या दुप्पट रकमेने आरंभ करावा आणि उशी किमान सहा महिने पुरेल हे पाहावे. खरी बचत शून्य किंवा उणे निघाली तर आधी खर्चाची छाननी, मग सूचना.

छोट्या रकमेचा धोका आणि वाढीची सूचना

लहान रकमेला स्वतःचा दोष आहे. लावलेली रक्कम माणूस सहसा बदलत नाही. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शिआ यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका कंपनीने नव्या कर्मचाऱ्यांना निवृत्ती-बचत योजनेत आपोआप सामील केले होते. सहभाग खूप वाढला. पण आपोआप ठरलेला दर 3 टक्के होता आणि बरेच जण त्याच दरावर थांबले. आपोआप होणारी गोष्ट जशी टिकते, तशीच ती अडकूनही बसते.

यावर रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी काढलेली तोड सरळ आहे : पुढच्या पगारवाढीचा काही भाग बचतीला देण्याचे आजच कबूल करून घ्यायचे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या योजनेच्या निष्कर्षांत सहभागी झालेल्यांचा सरासरी बचतदर 40 महिन्यांत 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेला. हातात येणारी रक्कम कधीच घटत नाही, फक्त वाढ थोडी कमी जाणवते, म्हणून ते टोचत नाही.

वरच्या उदाहरणात पगार 6 टक्क्यांनी, म्हणजे 3,000 ने वाढला तर त्यातले 1,500 सूचनेत घालावेत. 2,000 ची सूचना 3,500 होते आणि खर्चालाही 1,500 जास्त मिळतात. काही बँका ठराविक काळाने रक्कम आपोआप वाढवण्याची सोय देतात. नसेल तर वाढीव पगार जमा होण्याच्या आदल्याच दिवशी सूचना बदलावी. वाढीव रक्कम दोन महिने खर्चात गेली की ती परत काढणे जड जाते.

कुठे गळते

पैसे परत ओढावे लागण्याचे दुसरे मोठे कारण वर्षातून एकदा येणारे खर्च : विमा, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती. ते अनपेक्षित नसतात, फक्त मासिक नसतात. वर्षभरातले असे खर्च 24,000 असतील तर महिन्याला 2,000 ची वेगळी सूचना वेगळ्या खात्यात लावावी आणि तिला बचत म्हणू नये. तो पुढे ढकललेला खर्चच आहे. वरच्या माणसाच्या 930 मध्ये हे खर्च धरलेले आहेत का, हे त्याला पुन्हा तपासावे लागेल. सहा महिन्यांच्या उताऱ्यात वार्षिक विमा आलाच नसेल, तर खरी बचत त्याहून कमी आहे.

क्रेडिट कार्डाची गळती जास्त फसवी, कारण ती पगाराच्या खात्यात दिसतच नाही. बचत नियमाने वाढते आणि कमी पडलेला महिना कार्डावर निघतो. ओळखायचे असे : दर महिन्याच्या एकाच तारखेला बचत किती वाढली ते पाहायचे आणि त्यातून कार्डाची थकबाकी किती वाढली ते वजा करायचे. बचत 2,000 ने आणि थकबाकी 1,800 ने वाढली असेल तर हाती 200 आले, आणि कार्डाचे व्याज बचतीच्या व्याजाहून कितीतरी चढे असल्याने तेही लवकरच जातात. थकबाकी आधीच साचली असेल तर सूचनेचे तोंड काही काळ तिकडेच वळवावे. छोटी आणीबाणीची रक्कम तेवढी बाजूला राहू द्यावी.

बचतीचे खाते थोडे आडवळणाला असावे. त्याचे कार्ड नसावे, आणि शक्यतो ते वेगळ्या बँकेत असावे, म्हणजे रोज मोबाइलवर शिल्लक पाहताना तो आकडा नजरेस पडत नाही. पैसे काढायला एखादा दिवस लागला तर हरकत नाही. पण सगळी रक्कम मुदतीत अडकवून ठेवली तर दवाखान्याच्या खर्चासाठी दंड भरून ठेव मोडावी लागते किंवा कर्ज काढावे लागते.

तपासणी

फसलेल्या हस्तांतरणाचा संदेश दर वेळी येतोच असे नाही, आणि पगाराच्या खात्यात जास्त पैसे दिसतात याची तक्रार कोणी करत नाही. म्हणून सूचक संदेश पैसे जाणाऱ्या नव्हे, येणाऱ्या खात्यावर लावावा : 5 तारखेपर्यंत जमेचा संदेश आला नाही तर काहीतरी अडले आहे. वर्षअखेरीला बचत खात्याच्या उताऱ्यात या रकमेच्या बारा नोंदी मोजाव्यात. अकरा निघाल्या तर चुकलेला महिना शोधून त्या महिन्यात पगार कधी जमा झाला ते पाहावे. बहुधा तिथेच उत्तर सापडते.

सूचना गुपचूप बंद पडण्याची आणखी दोन कारणे आहेत. अनेक सूचनांना अंतिम तारीख असते, ती उलटली की त्या थांबतात. आणि नोकरी बदलल्यावर पगार नव्या खात्यात येऊ लागतो, तर सूचना जुन्या, रिकाम्या होत जाणाऱ्या खात्यावरच राहते. तिथे ती दर महिन्याला फसते आणि शुल्क असेल तर शुल्कही लागत राहते. नव्या खात्यावर पहिला पगार आला की जुनी सूचना रद्द करून नवी लावावी. तारीख मात्र नव्या ठिकाणचे दोन-तीन पगार पाहून पक्की करावी.