‘जीव घाबरा होतोय’ : रात्रपाळी, धडधड आणि एका शब्दाची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून सकाळी सात-साडेसातला तिसरी पाळी सुटते. त्यानंतर जवळच्या दवाखान्यांत येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार ठरावीक शब्दांत येते : ‘डॉक्टर, जीव घाबरा होतोय.’ या तीन शब्दांत छातीतली धडधड, श्वास पुरत नसल्याची भावना आणि मनातली भीती एकाच वेळी सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याला त्या वेगळ्या काढाव्यात असे वाटतही नाही. केसपेपरवर मात्र यातले काहीतरी एकच उतरते. बहुतेक वेळा तिथे ‘ॲन्झायटी’ लिहिलेले असते. ही निवड कशी रूढ झाली आणि तिच्यात रात्रपाळीचा प्रश्न का हरवला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कोल्हापूरला पाळीचे वेळापत्रक नवे नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कापड गिरणीच्या भोंग्यावर शहराने घड्याळे लावली, आणि पुढे ऑइल इंजिनांच्या निमित्ताने ओतकामाचा धंदा वाढला. तरीही फौंड्रीतली आजची रात्र ही प्रामुख्याने विजेच्या दराने घडवलेली आहे. कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीच्या काळात लोखंड वितळवण्याची वेळ कोक आणि माणसे यांच्या हिशेबाने ठरत असे. विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आल्यावर वीजबिल हा मोठा खर्च झाला, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे सवलत देणारा दर लागू झाल्यावर वितळकाम साहजिकच रात्रीकडे सरकले. मालकांच्या बाजूने हा हिशेब चुकीचा नव्हता. त्यात कामगाराच्या झोपेचा रकाना नव्हता, एवढेच.

आता शब्दाकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. १८७१ मध्ये फिलाडेल्फियातील एका डॉक्टरांनी अमेरिकन यादवी युद्धातील सुमारे तीनशे सैनिकांच्या तपासणीवर आधारित लेख प्रसिद्ध केला. धडधड, छातीत कळ, दम लागणे, झोप न येणे अशा तक्रारी असूनही त्यांच्या हृदयात दिसण्याजोगा बिघाड बहुधा सापडत नव्हता, म्हणून त्यांनी या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात हीच तक्रार हजारो ब्रिटिश सैनिकांत दिसली आणि तिला आधी ‘सैनिकाचे हृदय’, मग ‘श्रमाची लक्षणे’ अशा अर्थाची नावे मिळाली. दुसऱ्या नावामागे एक विचार होता : दोष हृदयाचा नसेल, तर त्याचा उल्लेख नावात करून रुग्णाला आयुष्यभर हृदयरोगी का ठरवायचे? १९४१ मध्ये लंडनमधील एका हृदयरोगतज्ज्ञांनी पुढचे पाऊल उचलले आणि ही अवस्था मुख्यतः भीतीच्या मनोविकारातून येते असे मांडले. १९८० च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ‘पॅनिक’ हा स्वतंत्र विकार ठरला, आणि धडधड त्याच्या लक्षणांच्या यादीत गेली.

या प्रवासात एक प्रश्न जवळजवळ कोणीच मध्यवर्ती मानला नाही : हे सैनिक झोपत कधी होते? पहारे आणि रात्रीच्या चाली यांतून आलेल्या माणसांविषयीचा वाद ‘हृदय की मन’ या दोन खोल्यांतच चालला. आपल्याकडचा ‘जीव’ हा शब्द या दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभा आहे. माझ्या मते तो जास्त अचूक आहे. केसपेपरवर त्याचे भाषांतर करताना पहिल्याच क्षणी एक खोली निवडली जाते, आणि पुढच्या तपासण्या त्या निवडीमागे जातात.

दरम्यान तिसरी बाजू, म्हणजे शरीरातल्या घड्याळाची, वेगळ्याच शास्त्रात तयार होत होती. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये अंधारात ठेवलेल्या लाजाळूसारख्या झाडाची पाने दिवसाच्या लयीतच मिटतात-उघडतात हे नोंदले गेले. मेंदूतील मुख्य घड्याळाची जागा मात्र १९७२ मध्ये कळली, आणि हे घड्याळ प्रकाशाने जुळवणाऱ्या, पाहण्यापेक्षा उजेड मोजण्याचे काम करणाऱ्या डोळ्यांतील पेशी २००२ च्या सुमारास स्पष्ट झाल्या. हे घड्याळ पहाटे चार-पाचच्या आसपास शरीराचे तापमान सर्वांत खाली आणते आणि हृदयाची गतीही मंद ठेवू पाहते. नेमक्या त्याच वेळी भट्टीची धग, ओतण्याची घाई, चहा आणि चुना-तंबाखू हे हृदयाला उलट दिशेने हाकतात. सकाळी घरी आल्यावर हेच उलटे होते : माणूस आडवा होतो आणि घड्याळ मात्र कॉर्टिसोल हे संप्रेरक व तापमान चढवून त्याला जागे करू लागते. म्हणून दिवसाची झोप बहुधा पाच-सहा तासांवर तुटते. अपुऱ्या झोपेने भीतीची प्रतिक्रिया देणारा मेंदूचा भाग जास्त तडफेने वागतो, आणि छातीतला एखादा चुकलेला ठोका, जो एरवी लक्षातही आला नसता, तो धोक्याची खूण म्हणून वाचला जातो. वाचणारा घाबरला की ठोके आणखी वाढतात. मन आणि हृदय यांत आधी कोण, हे इथे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

हे कागदावर कसे दिसते, यासाठी एक उदाहरण माझ्या परिचयातले. भट्टीवर काम करणारा चौतीस वर्षांचा कामगार, दर आठवड्याला पाळी बदलणारा. रात्रपाळीत पहाटे ‘काळजात मासा उसळल्यागत’ व्हायचे आणि दुपारी झोपेतून दचकून जाग यायची. दवाखान्यातला ईसीजी व्यवस्थित आला, कारण तो सकाळी अकराला काढलेला दहा सेकंदांचा तुकडा होता. मग छातीवर पट्ट्या चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवणारे यंत्र, म्हणजे होल्टर, लावायचे ठरले. सोय म्हणून तो साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लावला गेला आणि त्यात चोवीस तासांत नऊ जास्तीचे ठोके निघाले. निष्कर्ष : ॲन्झायटी, गोळी सुरू. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी होल्टर बुधवारी रात्री नऊला, कामावर जाताना लावला. घामाने पट्ट्या सुटू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली आणि सोबत एक वही दिली : चहा कधी, तंबाखू कधी, जेवण कधी, झोप कधी, धडधड कधी. या वेळी १,१४० जास्तीचे ठोके नोंदले गेले, त्यांतले दोन-तृतीयांशाहून अधिक रात्री दोन ते पाच या तीन तासांत, आणि एक लहानसा पुंजका सकाळी साडेदहाला, झोप मोडण्याच्या वेळी. हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक होते. म्हणजे ठोके खरे होते, धोकादायक नव्हते आणि त्यांना वेळ होती.

या निदानात वहीचे काम यंत्राइतकेच मोठे होते. धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते की बटण दाबल्यासारखी सुरू होऊन बंद होते, नाडी नियमित आहे की तिच्यात कसलाच ताल नाही, हे विचारल्यावर बरीच विभागणी होते. एक ठोका चुकून मग जोराचा धक्का बसणे हे बहुधा जास्तीच्या ठोक्याचे लक्षण असते. एकदम दीडशेच्या वर जाणारी किंवा बेताल नाडी, चक्कर येऊन पडणे, श्रमात छातीत दुखणे किंवा कुटुंबात तरुणपणी अचानक मृत्यू असेल, तर ‘पाळीमुळे होते’ म्हणून थांबणे चूक ठरते. ब्रिटनमधील २,८०,००० हून अधिक लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात कायम किंवा नेहमी रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल फडफडीचा धोका दिवसपाळीवाल्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आढळला. हे प्रमाण प्रचंड नाही, पण हसून सोडण्यासारखेही नाही.

त्या कामगाराचा शेवटचा चहा रात्री साडेबाराला आला, कारण कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. दीडचे कँटीनचे जेवण कामावर येण्यापूर्वीच्या घरच्या जेवणाकडे सरकले. याला २०२२ च्या एका प्रयोगाचा थोडा आधार आहे : एकोणीस लोकांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवले असता, दिवसा आणि रात्री जेवणाऱ्यांत उदासी व बेचैनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांत ती वाढली नाही. एकोणीस हा आकडा लहान आहे आणि प्रयोगशाळा म्हणजे फौंड्री नव्हे. चार आठवड्यांनंतरच्या होल्टरमध्ये ३१० ठोके निघाले. जास्तीच्या ठोक्यांची संख्या एकाच माणसात दिवसागणिक मोठ्या फरकाने बदलते, त्यामुळे हे श्रेय चहाला द्यायचे की जेवणाला, हे या एका नोंदीवरून सांगता येत नाही. त्याला स्वतःला पडलेला फरक मात्र वेगळा होता : पहाटे मासा उसळला तरी आता तो घड्याळाकडे बघत असे, दरवाजाकडे नाही.

वर्गीकरणानेही हा उंबरठा बराच उशिरा ओलांडला. निदानाच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तीत झोपेच्या वेळापत्रकाचा बिघाड दोन ठिकाणी होता, मनोविकारांत एक आणि मज्जासंस्थेच्या विकारांत एक, आणि रुग्ण कुठे जाईल हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने झोप-जागरणाच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण दिले. हा निर्णय वादग्रस्त होता. एका बाजूचे म्हणणे असे की, यामुळे मानसिक त्रास नजरेआड होईल, दुसऱ्या बाजूचे असे की, आतापर्यंत शरीराचे घड्याळच नजरेआड होते. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

कायद्याची भूमिका मात्र फारशी बदललेली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या कामगार संहितेनुसारही, मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगाराची सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग चोवीस तास. त्या कामगाराची तिसरी पाळी रविवारी सकाळी सातला सुटते, त्याच क्षणी सुट्टी सुरू होते, आणि तिचे पहिले सहा तास तो थकव्याने झोपतो. पुढच्या आठवड्यात त्याची पहिली पाळी असते, म्हणजे सोमवारी सकाळी सातला हजर. सरासरी माणसाचे शरीर-घड्याळ चोवीस तासांहून थोडे लांब असल्यामुळे त्याला पुढे ढकलणे सोपे आणि मागे ओढणे जड जाते, आणि ही उडी मागे आहे. त्याच्या वहीत सोमवार आणि मंगळवारच्या पानांवर धडधडीच्या खुणा बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त आहेत.

दिवसा सौर वीज मुबलक होऊ लागल्याने सवलतीचे तास रात्रीवरून दिवसाकडे सरकवणारे आदेश राज्यात २०२५ मध्ये निघाले, आणि त्यावरून उद्योगांत बराच वाद झाला. भट्ट्या खरोखरच दिवसाकडे आल्या, तर तेही आधीच्याच पद्धतीने येईल : दराच्या तक्त्यातून.