काका शेवटून पहिले: EINDT आणि SLFDT मधला गोंधळ

पर्चेस ऑर्डरवरची, म्हणजे पीओवरची डिलिव्हरी डेट म्हणजे काय, हे पर्चेसमधल्या कुणाला सांगायला नको. माल कधी हवा ती तारीख. एमआरपी तीच बघून नियोजन करतं, शॉप फ्लोअरवाले तीच बघून ओरडतात. सॅपमध्ये या तारखेचं तांत्रिक नाव EINDT. हिच्यावर मी आणखी एक ओळही खर्च करणार नाही.

पण त्याच शेड्यूल लाइनवर, थोडं उजवीकडे सरकलं की, आणखी एक तारीख असते. तिचं नाव SLFDT. बहुतेकांच्या स्क्रीनवर ती अर्धी झाकलेली असते आणि दोन्ही तारखा सहसा सारख्याच दिसत असल्याने 'हे सिस्टीमचं काहीतरी' म्हणून सोडून दिली जाते. पुरवठादाराचे वेळेचे गुण मात्र हिच्यावर निघतात. चार वर्षांत हे मी निदान वीस जणांना समजावलं असेल, तरी दर तिमाहीला कुणीतरी लाल रंगाचं स्कोअरकार्ड घेऊन येतं आणि म्हणतं, "सिस्टीम चुकीचं दाखवतेय." त्यातली एक गोष्ट सांगतो.

भोसरी एमआयडीसीतला गिअरबॉक्सचा कारखाना. नवी सिस्टीम येऊन चार महिने झाले होते. पर्चेस मॅनेजरना सगळे नुसतं साहेब म्हणत. बुश आणि स्पेसर पुरवणारे वर्कशॉपवाले काका त्यांचे आवडते. काकांकडे दोन सीएनसी, चार पोरं. फोन केला की माल येतो, रविवारी सांगितलं तर रविवारी. साहेबांचं त्यांच्यावर प्रेम होतं असं म्हटलं तरी चालेल. काकांची मिसळ खाल्ल्याशिवाय साहेब त्यांच्या वर्कशॉपमधून परतत नसत.

सॅपच्या ME65 या अहवालावर पुरवठादारांची क्रमवारी काढली तेव्हा मशीनिंगच्या नऊ पुरवठादारांत काका नववे होते. वेळेचे गुण 49. आठव्याला 71. वर डायरेक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटच्या दोघांच्या ऑर्डर पुढच्या तिमाहीपासून कमी करायच्या.

साहेबांनी मला बोलावलं. त्या वेळी मी सिस्टीमच्या सपोर्टला होतो. "अहो, हा माणूस माझ्या माहितीत एकदाही उशिरा आलेला नाही. सगळ्या ऑर्डर उघडा. तारखा बघा. प्रत्येकाची डिलिव्हरी डेट आणि जीआरएन जुळते की नाही?"

जुळत होती. अकरापैकी नऊ ओळींत. त्यामुळेच साहेबांना वाटलं की आकडा खोटा आहे.

त्यातली एक ओळ नीट बघू. पाचशे बुश, पीओवर मूळ तारीख 10 जून. ऑर्डर काकांकडे गेली तेव्हा दोन्ही तारखा 10 जून होत्या. ३ जूनला आमच्याकडे कास्टिंग आलं नाही, असेंब्ली थांबली. साहेबांनी काकांना फोन केला, "काका, 10 ला नका पाठवू, ठेवायला जागा नाही. 22 ला द्या." काका म्हणाले, "साहेब, माल तर तयार आहे, पण राहू दे इथंच." मग कुणीतरी पीओ बदलायच्या ME22N स्क्रीनमध्ये जाऊन डिलिव्हरी डेट 22 केली. म्हणजे EINDT झाली 22. SLFDT मात्र 10 वरच राहिली, कारण ऑर्डर पुरवठादाराकडे गेल्यावर पहिली बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. काकांचा माल 22 ला आला. सिस्टीमने माल जमा झाल्याची, म्हणजे जीआरएनची तारीख SLFDT शी ताडली आणि बारा दिवस उशीर असं लिहून ठेवलं.

इथे थांबा, कारण अडखळतं ते इथेच. लोक समजतात की SLFDT ही मूळ तारखेची नोंद आहे, इतिहास म्हणून जपलेली. तसं नाही. SLFDT सांगते की पुरवठादार कोणत्या तारखेला बांधील होता. EINDT सांगते की माल आता कधी येईल असं आपण धरून चालतो आहोत. दोन तारखा वेगळ्या होतात तेव्हा प्रश्न एकच: तारीख कुणामुळे सरकली? पुरवठादार म्हणाला, "मशीन बंद आहे, बारा दिवस द्या," तर फक्त EINDT बदलायची. नियोजनाला खरी तारीख कळते आणि पुरवठादाराचं मोजमाप त्याने आधी कबूल केलेल्या तारखेवरच होतं. आपण म्हणालो, "थांब, जागा नाही," तर दोन्ही बदलायच्या, कारण आता बांधिलकीच वेगळ्या दिवसाची झाली. तारीख हलवणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. सिस्टीमला तो फोन ऐकू येत नाही.

गुण कसे पडतात तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे 49 कुठून आले ते कळेल. पर्चेसिंग व्हॅल्यू की नावाच्या सेटिंगमध्ये एक आकडा असतो: किती दिवसांचा फरक म्हणजे शंभर टक्के धरायचा. आमच्याकडे तो 10 होता. म्हणजे चार दिवस उशीर झाला तर 40 टक्के फरक, आमच्या तक्त्यानुसार 60 गुण. बारा दिवस म्हणजे 120 टक्के, आणि शंभरच्या वर गेलेल्याला आम्ही सरसकट 20 गुण ठेवले होते. हा तक्ता प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते. सिस्टीम जुन्या-नव्या गुणांना भार देऊन मिसळते, पण आपण सरळ सरासरी धरू. काकांच्या अकरा ओळींत सहा अशा होत्या ज्या आम्ही फोन करून पुढे ढकलल्या होत्या: प्रत्येकी 20, बेरीज 120. दोन खऱ्या चार दिवस उशिरा: 120. तीन वेळेवर: 300. एकूण 540, भागिले अकरा, 49.

आता गंमत. ज्या पुरवठादारांना 90 च्या वर गुण होते, त्यांतल्या तिघांना आम्ही 'थांबा' म्हटलं तरी ते थांबत नसत. तारखेला ट्रक दारात, चलान हातात, "आमच्याकडे ठेवायला जागा नाही." त्यांचं SLFDT शी लगेच जुळायचं. काका ऐकत होते, म्हणून त्यांना फोन जात होते, म्हणून त्यांच्या तारखा सरकत होत्या. जितका समजूतदार, तितका लाल. हे मी साहेबांना दाखवलं तेव्हा ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" आणि लगेच, "चला, सहाही ओळींची SLFDT आत्ता बदलून टाका."

मी म्हटलं, उपयोग नाही. माल जमा होतो त्याच वेळी फरक आकडेवारीत साठवला जातो. नंतर पीओत तारीख बदलली तरी साठवलेला आकडा हलत नाही, आकडेवारी पुन्हा उभारावी लागते, ते वेगळं काम. शिवाय उद्या कुणी विचारलं की 22 जूनला माल आल्यावर 4 ऑगस्टला तारीख का बदलली, तर काय सांगणार? सहा फोनची नोंद काढा, एक पानाचं टिपण करा, आणि पुनर्गणना मागा.

फोनची नोंद म्हणजे साहेबांची डायरी. तारखा सापडल्या. पण डायरी चाळताना ते मध्येच थांबले.

मेमधल्या एका स्पेसरच्या ऑर्डरवर लिहिलं होतं, 'काका – मुलीचं लग्न – 12 दिवस.' म्हणजे इथे काकांनीच मुदत मागितली होती. स्क्रीनवर मात्र ती ओळ हिरवी होती, शंभर गुण. तारखा उघडल्या तर EINDT आणि SLFDT दोन्ही पुढे नेलेल्या. आमच्या विभागातल्या पोराला कुणीतरी शिकवलं होतं की दोन रकाने असतील तर दोन्हीत सारखं भरायचं, नाहीतर सिस्टीम रडते. (या सवयीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लाल दिसलं की चौकशी तरी होते. हिरवं कुणी उघडत नाही.) पण त्याने काकांच्या सहा ओळींत तसं का केलं नाही? कारण त्या साहेबांनी स्वतः बदलल्या होत्या, आणि साहेबांना दुसरा रकाना माहीतच नव्हता.

त्या पोराला मी विचारलं, "बाळा, उशीर कुणाचा आहे ते बघून भरलंस का?" तो म्हणाला, "सर, मला वाटलं दोन्ही सारख्या हव्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "ही ओळ पण टिपणात घालायची?"

"घालायची. नाहीतर बाकी सहा ओळींवर कुणी विश्वास ठेवणार नाही."

नवा हिशेब असा: आम्ही ढकललेल्या सहा ओळींना शंभर, म्हणजे 600. दोन खऱ्या उशिराच्या 120. उरलेल्या तीनपैकी दोन खऱ्या वेळेवर, 200. आणि लग्नाची ओळ 20. एकूण 940, सरासरी 85. नववा नंबर चौथा झाला. पहिला नाही. साहेबांना पहिला हवा होता.

याच टेबलावर आणखी दोन गोंधळ होते, ते उगाच मोठे केले जातात. एक, गेटची तारीख आणि जीआरएनची तारीख. शनिवारी गेटला आलेला माल सोमवारी जमा झाला की दोन दिवस पुरवठादाराच्या डोक्यावर. उपाय सोपा: स्टोअर्सने पोस्टिंगला गेटची तारीख टाकावी, महिना बंद झालेला नसला तर. दुसरा, अर्धाच माल आला तर वेळेवर धरायचं का? व्हॅल्यू की मध्ये किमान किती टक्के आलं की वेळ मोजायची ते आधीच ठरवता येतं. एकदा भरा आणि विसरा.

त्या संध्याकाळी साहेबांनी काकांना फोन केला. मी समोर होतो. आधी त्यांनी चार मिनिटं पावसाबद्दल बोलून घेतलं. मग म्हणाले, "काका, एप्रिलमधल्या त्या दोन ऑर्डर चार-चार दिवस उशिरा आल्या होत्या. तेव्हा मी काही बोललो नाही. काय झालं होतं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "साहेब, एक सीएनसी बंद होती. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं, तारखेसकट. मग पीओ उघडला. पुढच्या आठवड्याची एक ओळ होती, आम्हीच पाच दिवस पुढे न्यायची होती. त्यांनी EINDT बदलली, स्क्रीन उजवीकडे सरकवली, आणि माझ्याकडे बघितलं.

"ही आपली ना?"

"आपली."

त्यांनी दुसऱ्या रकान्यातही तारीख भरली.