फोटोत दिसणारा राजमा आणि फोटोत न दिसणारे जंतू

मोड आलेल्या कडधान्याच्या वाटीचा फोटो पाठवून ‘हे कच्चे खाल्ले तर चालेल का?’ असे कोणी विचारले, की ‘मोड पांढरेशुभ्र दिसत आहेत, ताजे आहेत, खुशाल खा’ असे उत्तर लगेच येते. हे उत्तर मोड नासले आहेत का, या प्रश्नाचे आहे, आणि तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. नासलेले मोड ओळखायला मुंबईकराला शिकवावे लागत नाही. जुलैच्या दमट हवेत फडक्यात बांधलेली मटकी एक दिवस जास्त राहिली, की तिला येणारी बुळबुळ आणि आंबूस वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मुळाभोवतीची एकसारखी पांढरी लव ही मुळांचीच असून पाणी लागताच ती दिसेनाशी होते, आणि एका दाण्यापासून दुसऱ्या दाण्यापर्यंत जाळे विणणारी असते ती बुरशी, एवढे सांगून मी हा भाग सोडून देते.

गोंधळ होतो तो पुढे. कच्च्या मोडांत दोन वेगवेगळे धोके असतात. एक दाण्याच्या अंगचा, म्हणजे त्या जातीच्या कडधान्यातच असलेल्या घटकाचा. दुसरा दाण्यावर बसून आलेल्या जंतूंचा. पहिला फोटोवरून बऱ्याच अंशी ओळखता येतो, दुसरा अजिबात ओळखता येत नाही, आणि लोक नेमके उलट करतात: फोटोत दाणे कोणते आहेत हे पाहत नाहीत आणि जंतू मात्र ‘दिसत नाहीत’ म्हणून निश्चिंत होतात.

दाण्याच्या अंगच्या धोक्यात मुख्य गुन्हेगार राजमा. त्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन भरपूर असते, आणि चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या सुरू होऊ शकतात. मोड आल्याने ते नाहीसे होत नाही. भिजवलेले पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून निदान दहा मिनिटे (मी अर्धा तास म्हणेन) उकळल्यावरच ते निकामी होते. ८० अंशांच्या आसपास नुसते गरम करत ठेवल्यास त्रास उलट वाढू शकतो. वालाचेही तसेच आहे. डाळिंब्यांना मोड आणून, सोलून आपण त्यांची उसळच करतो, कोशिंबीर करत नाही, यात आपल्या स्वयंपाकघराचे शहाणपण आहे. मूग आणि मटकीत हा अंगचा धोका फारच कमी असतो आणि ‘मूग तर कच्चेच खातात’ ही समजूत तिथून आली आहे. ती समजूत पहिल्या धोक्यापुरती बरोबर आहे. दुसऱ्या धोक्याशी तिचा काही संबंध नाही.

जंतूंचे गणित असे आहे. साल्मोनेला किंवा ई. कोलायचे मोजके जंतू कोरड्या दाण्याच्या सालीतल्या भेगांत महिनोन् महिने तग धरून राहतात. तिथे ते वाढत नाहीत, आणि वरवर धुऊन निघतही नाहीत. मग आपण तो दाणा रात्रभर भिजवतो, फडक्यात बांधतो आणि तीस अंशांच्या उबेत, ओलाव्यात दीड-दोन दिवस ठेवतो. मोड येण्यासाठी जे लागते, नेमके तेच जंतूंनाही लागते. त्यामुळे मोड येईपर्यंत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढलेली असू शकते. अशा मोडांचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही बिघडत नाही, कारण अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय पसरला, सुमारे ३,९०० जण आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले; सुरुवातीला तर संशय काकडीवर घेतला गेला होता. मोड स्वच्छ जागी वाढवले होते की नाही, हा मुद्दा तिथे गौण ठरला, कारण संशयाचा माग शेवटी आयात केलेल्या बियांपर्यंत गेला.

म्हणूनच ‘लिंबू पिळले आहे’, ‘मिठाच्या पाण्यात बुडवले होते’, ‘रात्रभर फ्रिजमध्ये होते’ हे युक्तिवाद ऐकले की माझा संयम सुटतो. भेगेत बसलेल्या जंतूंपर्यंत लिंबू पुरेसे पोहोचत नाही आणि फ्रिज जंतूंची वाढ मंदावतो, त्यांना मारत नाही. चाळणीतल्या मोडांवर उकळते पाणी ओतणाऱ्यांचेही तेच. ढिगाच्या मध्यापर्यंत जाईतो ते पाणी कोमट झालेले असते.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने अंधेरीच्या ऑफिसमधून डब्याचा फोटो पाठवला. ‘मावशी, शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी दिलंय. खाऊ ना?’ तिला पाचवा महिना चालू आहे. फोटो मोठा करून पाहिला: मूग, मटकी, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, आणि डब्याच्या कडेला टोमॅटोच्या फोडीखाली अर्धे झाकलेले तीन गडद लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचे दाणे. बाजारात मिळणाऱ्या मिसळ कडधान्याच्या पुडीतला तो राजमा होता. एवढे फोटोने स्वच्छ सांगितले.

पुढचा प्रश्न होता, मोड वाफवलेले आहेत का? कच्चा मोड दुधासारखा पांढरा, ताठ आणि कमानदार असतो. वाफवलेला थोडा पारदर्शक होऊन लोळतो, मुगाची साल चिरते आणि तिचा हिरवा रंग शेवाळी होतो. फोटोतले मोड लोळलेले होते. पण मीठ लावून दोन तास ठेवलेले कच्चे मोडही पाणी सुटून असेच मलूल होतात, आणि ऑफिसच्या पिवळ्या दिव्याखाली कोणताही मूग शेवाळीच दिसतो. त्यामुळे फोटोवरून ‘कच्चे’ हे काही वेळा खात्रीने सांगता येते, ‘शिजलेले’ हे कधीच नाही. मी तिला फोटोऐवजी ताईंनाच विचारायला सांगितले. उत्तर आले: ‘कुकरमध्ये शिट्टी न लावता पाच मिनिटं वाफवलंय, सकाळी सातला.’

पसरून ठेवलेल्या मूग-मटकीला वाफ धरल्यावर पाच मिनिटे बहुधा पुरतात. दाणा मध्यापर्यंत वाफाळता, म्हणजे निदान ७५ अंशांपर्यंत गरम व्हायला हवा. राजम्याला ती मुळीच पुरत नाहीत, आणि मिसळ पुडी शिजवताना वेळ राजम्याचाच धरावा लागतो. शिवाय दुपारचा एक वाजला होता. वाफेत टिकून राहणारे काही जंतूंचे बीजाणू सहा तास बाहेर ठेवलेल्या ओल्या डब्यात पुन्हा वाढू शकतात, आणि तो डबा सकाळपासून बॅगेतच होता.

‘मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाऊ?’ तिने विचारले. मायक्रोवेव्हमध्ये डबा कडेला चटका देतो आणि मध्ये थंड राहतो, दोन मिनिटांत राजमा उकळत नाही, आणि वाढलेल्या जंतूंनी सोडलेले काही विष पुन्हा तापवूनही जात नाही. मी नको म्हटले. गर्भवती, पाच वर्षांखालची मुले, सत्तरी ओलांडलेले आणि कीमोथेरपी घेणारे यांना मी कच्चे मोड कधीच सुचवत नाही. बाकीच्यांनाही मला विचारल्यास उसळच सांगते. भाचीने डबा परत दिला, संध्याकाळी घरी तीच पुडी आणून राजमा वेचून कुकरला लावला आणि मूग-मटकीची पातळ उसळ केली. रात्री तिने त्या उसळीचाही फोटो पाठवला.