पैसे गेले नाहीत, की गेले ते कळलंच नाही?

ॲपमधून पैसे भरताना अडलं की पडद्यावर बहुतेक वेळा एकच वाक्य उमटतं: ‘काहीतरी चूक झाली. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळ्या परिस्थिती झाकलेल्या असतात. एकीत पैसे गेलेले नाहीत हे ॲपला पक्कं माहीत असतं. दुसरीत ते गेले की नाही हेच ॲपला माहीत नसतं. पहिलीत ‘पुन्हा भरा’ हा सल्ला योग्य आहे. दुसरीत तोच सल्ला गिऱ्हाइकाला एकाच मालाचे दोनदा पैसे भरायला लावतो.

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बनणाऱ्या ॲपचा मराठी मजकूर लिहिणं हे माझं काम. मजकूर माणसासारखा वाटावा अशी मागणी प्रत्येक जण करतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ ‘अरेच्चा! गडबड झाली’ असं लिहून पुढे एक हसरा चेहरा चिकटवणं एवढाच घेतला जातो. अठरा हजार अडकलेल्या दुकानदाराला तो चेहरा दाखवून पाहा. माझी कसोटी साधी आहे: हेच दुकानातल्या दिवाणजींना फोनवर सांगायचं असतं, तर ते काय म्हणाले असते? ते आधी पैशाचं सांगतील, मग मालाचं, मग ‘तुम्ही आता एवढं करा’. आणि जे त्यांना ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलणार नाहीत.

एक प्रसंग धरून चालू. अक्कलकोटच्या एका दुकानदाराने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराकडून 40 डझन हातटॉवेल मागवले. डझनाला 460 रुपये, म्हणजे 18,400. यूपीआयने पैसे भरायला बटण दाबलं, पिन टाकला, चक्र फिरत राहिलं, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य आलं.

या वेळी आत काय घडलेलं असू शकतं? दुकानदाराच्या पैसे भरण्याच्या ॲपकडून विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेकडे जाते. ती दुकानदाराच्या बँकेला ‘यांच्या खात्यातून एवढे काढा’ असं सांगते. बँकेने काढले की कारखानदाराच्या बँकेला ‘यांच्या खात्यात जमा करा’ असं सांगितलं जातं, आणि मग होकार उलट्या वाटेने परत येतो. पैसे काढण्याच्या आधीच बँकेने नकार दिला, उदाहरणार्थ पिन चुकला किंवा शिल्लक कमी पडली, तर प्रश्नच नाही. पैसे जागचे हलले नाहीत. पण पैसे काढले गेल्यावर जमा करणाऱ्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, किंवा जमा होऊनही तो होकार वाटेत अडकला, तर आपल्या ॲपला दिसतं ते फक्त मौन. मौनाला नकार समजणं ही इथली मूळ गफलत.

तांत्रिक बाजूने हा फरक उपलब्ध असतो. एका ॲपमधून दुसऱ्या यूपीआय ॲपमध्ये पैसे भरायला पाठवलं की परत येणाऱ्या उत्तरात तीन अवस्था असू शकतात:

```
Status=SUCCESS
Status=FAILURE
Status=SUBMITTED
```

तिसरीचा अर्थ विनंती पुढे गेली आहे, निकाल यायचा आहे. अनेक ठिकाणी प्रोग्राम लिहिताना `SUCCESS` वेगळं काढतात आणि उरलेलं सगळं एकाच टोपलीत टाकतात. मग मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती ती टोपलीच येते. अशा वेळी कितीही गोड लिहिलं तरी उपयोग नाही. आधी टोपली फोडून घ्यावी लागते. शिवाय हे उत्तर गिऱ्हाइकाच्या फोनवरून आलेलं असतं, म्हणून ‘पैसे मिळाले’ हे वाक्य त्याच्या भरवशावर दाखवू नये. आपल्या सर्व्हरने पेमेंट कंपनीकडे स्वतंत्रपणे विचारून खात्री केल्यावरच ते दाखवावं.

पक्क्या नकाराचा संदेश लिहिणं सोपं आहे, तरी तिथेही यंत्राची भाषा घुसते. ‘आपला व्यवहार अपुऱ्या शिलकीमुळे अयशस्वी झाला आहे. त्रुटी कोड Z9.’ त्याऐवजी:

‘18,400 रुपये भरले गेले नाहीत. खात्यात तेवढी शिल्लक नसल्याचं बँकेने कळवलं. दुसरं खातं निवडून पुन्हा भरा. तुमची ऑर्डर आज रात्री 9 पर्यंत राखून ठेवली आहे.’

शेवटचं वाक्य दुकानदाराच्या मनातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: माल हातचा गेला का? अर्थात कारखानदाराने खरोखर नऊपर्यंत माल राखला असेल तरच ते लिहायचं. Z9 हा कोड खोटा नाही, पण तो मदत करणाऱ्याच्या पडद्यावर हवा, दुकानदाराच्या नाही. आणि हे सगळं ॲप उघडल्यावर आत दिसावं. कुलूपबंद पडद्यावर येणाऱ्या सूचनेत शिलकीचा उल्लेख नको. दुकानात फोन गल्ल्याशेजारी उताणा पडलेला असतो आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. तिथे ‘टॉवेलच्या ऑर्डरचे पैसे भरायचे राहिले’ एवढं पुरतं.

आता दुसरी परिस्थिती, खरी अवघड. इथे लिहिणाऱ्याला मोह होतो धीर देण्याचा: ‘काळजी करू नका, तुमचे पैसे सुरक्षित आहेत.’ हे आपल्याला माहीत आहे का? नाही. मग लिहू नये. उलट टोकाला ‘व्यवहार प्रलंबित’ असं दोन शब्दांत उरकणारेही आहेत. ते खरं असतं, पण वाचणाऱ्याने पुढे काय करायचं ते त्यात कुठेच नाही. त्या 18,400 साठी मी असं लिहीन:

‘तुमच्या 18,400 रुपयांचं बँकेकडून अजून पक्कं कळलेलं नाही. खात्यातून पैसे कापले गेले असोत वा नसोत, आत्ता पुन्हा भरू नका. आम्ही बँकेकडे विचारत आहोत; कळलं की इथेच सांगू. तोवर ऑर्डर राखून ठेवली आहे.’

यातलं ‘पुन्हा भरू नका’ नुसतं लिहून भागत नाही. त्याच पडद्यावर ‘पुन्हा भरा’चं मोठं हिरवं बटण असेल तर माणूस बटणाचं ऐकतो, वाक्याचं नाही. म्हणून निकाल येईपर्यंत बटण काढायचं आणि त्याच्या जागी ‘काय झालं ते पाहा’ ठेवायचं. ते दाबलं की सर्व्हरने खरंच पुन्हा विचारणा करायला हवी.

वाक्यं छोटी ठेवण्याला इथे आणखी एक कारण आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारे पुष्कळ व्यापारी हे ॲप मराठीत वापरतात. त्यांची मराठी उत्तम असते, पण ‘सदर व्यवहाराबाबतची स्थिती निश्चित होईपर्यंत’ हे कोणाचीच घरची भाषा नाही.

‘इथेच सांगू’ हे वचन आहे, आणि ते पाळायचं काम सूचनेकडे येतं. पाच मिनिटांनी होकार आला तर:

‘18,400 रुपये मिळाले. 40 डझन टॉवेलची ऑर्डर पक्की झाली.’

रक्कम आणि निकाल पहिल्याच शब्दांत, कारण बंद पडद्यावर पुढचं कापलं जातं. ‘तुमच्या व्यवहाराबाबत महत्त्वाची सूचना’ असं शीर्षक दिलं तर कापल्यावर तेवढंच उरतं, आणि त्यातून छातीत धस्स होण्यापलीकडे काही होत नाही. नकार आला तर ‘18,400 रुपये आमच्यापर्यंत आले नाहीत. आता पुन्हा भरता येतील.’ इथे ‘आता’ महत्त्वाचा, कारण मघाशी आपणच थांबायला सांगितलं होतं.

एक गोष्ट हमखास सुटते. अँड्रॉइड 13 पासून नव्या ॲपला सूचना दाखवण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि ‘जाहिराती नकोत’ म्हणून पुष्कळ जण ती नाकारतात. त्यांच्याकडे आपली सूचना पोहोचणारच नाही. परवानगी आहे की नाही हे ॲपला विचारता येतं. नसेल तर वचन बदलायचं: ‘कळलं की एसएमएस करू’, आणि तो खरोखर करायचा. सणाच्या सवलती आणि पैशाचे निरोप वेगवेगळ्या चॅनलमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे बंद-चालू करता येणाऱ्या सूचनांच्या गटांत, ठेवले, तर सवलती बंद करणाऱ्याचे पैशाचे निरोप चालू राहतात. ती सोय अँड्रॉइड 8 पासून आहे.

खात्यातून पैसे कापले गेले आणि कारखानदाराकडे पोहोचलेच नाहीत, असं शेवटी ठरलं तर? ‘24 तासांत परत मिळतील’ असं सरसकट लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात यूपीआयसाठी दोन मुदती आहेत. एका व्यक्तीकडून दुसरीच्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला भरलेल्या पैशांची पक्की खबर व्यापाऱ्याकडे आली नाही, तर मुदत 5 दिवसांची. त्यापुढे उशीर झाला की दिवसाला 100 रुपये भरपाई. आपला दुकानदार दुसऱ्या प्रकारात बसतो, म्हणून:

‘तुमच्या खात्यातून 18,400 रुपये कापले गेले असतील तर ते 12 तारखेपर्यंत आपोआप परत यायला हवेत. तोवर आले नाहीत तर बँकेला हा नंबर सांगा.’

खाली व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक, दाबला की कॉपी होईल असा. ‘5 दिवसांत’ऐवजी तारीख लिहिली की माणसाला बोटं मोजत बसावं लागत नाही. ‘मिळतील’ऐवजी ‘यायला हवेत’, कारण परत करणारी बँक आहे, आपण नाही. हमी आपण देऊ शकत नाही, मुदत मात्र सांगू शकतो.

एवढं करूनही कोणी घाईत दुसऱ्या फोनवरून पुन्हा पैसे भरतोच. दोन्ही रकमा एकाच ऑर्डर क्रमांकावर आल्या की सर्व्हरला ते दिसतं, आणि तेव्हा गिऱ्हाइकाने फोन करायची वाट पाहायची नाही: ‘या ऑर्डरचे पैसे दोनदा आले. जास्तीचे 18,400 आम्ही आज परत पाठवले. माल एकदाच येईल.’ ‘पाठवले’ हा भूतकाळ आहे, तेव्हा परतावा खरोखर सुटल्यावरच हा निरोप जायला हवा. प्रोग्राममध्ये या दोन गोष्टींचा क्रम उलटा लागलेला नाही ना, हे मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः विचारून घ्यावं.