बोलांखालची पायांची ओळ: नृत्यलेखनाची पार्श्वभूमी

गुरूंच्या सादरीकरणाचे चित्रीकरण पाहून कथकची विद्यार्थिनी एखादा तुकडा वहीत उतरवू लागते, तेव्हा सर्वप्रथम ती मात्रांचे खाने आखते, त्यांत बोल भरते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. बोल आणि मात्रा लिहिण्याची सोय तिला तयार मिळालेली असते, पाय आणि हात लिहिण्याची तशी सोय मिळालेली नसते. असे का झाले, याचे उत्तर आपल्याकडे नृत्य लिहिण्याच्या ज्या दोन निराळ्या रीती होत्या त्यांत सापडते.

पहिली रीत नाव देण्याची. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणे, म्हणजे हात-पाय मिळून होणाऱ्या हालचाली, सांगितली आहेत. त्यांतल्या पहिल्याचे, तलपुष्पपुटाचे, लक्षण अवघे दोन ओळींचे आहे: डाव्या बाजूला पुष्पपुट हस्त, पाय अग्रतलसंचर, आणि कूस संनत. हे एका अर्थाने अंगाचे लेखनच आहे, कारण यातला प्रत्येक शब्द ग्रंथात अन्यत्र व्याख्या दिलेली संज्ञा आहे आणि ज्याला त्या संज्ञा पाठ आहेत त्याच्यासमोर देह उभा राहतो. मात्र त्या जागी पोहोचायला किती वेळ लागला आणि हात कोणत्या वाटेने आला, हे लक्षण सांगत नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात यांपैकी ८१ करणे दगडात कोरलेली आहेत. तिथेही आपल्याला गतीतला एक क्षण दिसतो, त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग गुरूच्या तोंडून आणि अंगातूनच घ्यावा लागतो.

हातांच्या नावांचे तर आणखी एक अवघड आहे. नाट्यशास्त्र एका हाताचे २४ हस्त मोजते, अभिनयदर्पण हा दुसरा ग्रंथ २८ मोजतो. मयूर, चंद्रकला, सिंहमुख ही नावे दुसऱ्या यादीत आहेत, पहिलीत नाहीत. त्याहून फसवी गोष्ट अशी की एकच नाव परंपरेनुसार निराळा आकार दाखवते. अभिनयदर्पणाच्या वाटेने शिकलेल्यांचा पताक म्हणजे सगळी बोटे सरळ जुळलेली आणि अंगठा वाकलेला, तर कथकलीत जिला पताक म्हणतात त्या मुद्रेत अनामिका वाकलेली असते, म्हणजे तो भरतनाट्यम् शिकणाऱ्याच्या ओळखीचा त्रिपताक झाला. वहीत नुसते ‘पताक’ लिहिले आणि कोणत्या परंपरेतला हे लिहिले नाही, तर काही वर्षांनी ती नोंद दुसऱ्या कुणालाही उपयोगी पडत नाही. म्हणूनच वहीच्या पहिल्या पानावर ग्रंथाचे नाव घालण्याचा आग्रह मी धरते.

दुसरी रीत काळ मोजण्याची, आणि ती नृत्यासाठी जन्मलेलीच नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत वर्गात, पुस्तकातून शिकवायचे तर लिपी हवी म्हणून स्वतःची लिपी रचली. त्याच काळात विष्णु नारायण भातखंड्यांनी बंदिशी गोळा करून छापताना आपली वेगळी, सुटसुटीत लिपी रूढ केली. भातखंडे पद्धतीत समेला गुणिले चिन्ह, खालीला शून्य, इतर टाळ्यांना त्यांचे क्रमांक. एका मात्रेत दोन किंवा चार बोल आले तर त्यांच्याखाली एकच अर्धचंद्र, आणि रिकाम्या जागेला अवग्रह. पलुस्कर पद्धतीत समेला १, खालीला अधिक चिन्ह आणि टाळीच्या जागी मात्रेचाच आकडा येतो. तबल्याच्या बोलांना हे पुरते, कारण तबलजीच्या दृष्टीने बोल लिहिला की हाताची बोटे कुठे पडणार हे बरेचसे ठरलेले असते. कथकने ही चौकट जशीच्या तशी उचलली, आणि नेमकी इथेच उणीव राहिली.

ती उणीव अगदी पहिल्या धड्यातच दिसते. तीनतालातील तत्काराचे, म्हणजे कथकच्या मूळ पदन्यासाचे, आठ बोल घेऊ.

मात्रा: १ २ ३ ४ | ५ ६ ७ ८
बोल: ता थेई थेई तत् | आ थेई थेई तत्
पाय: उ डा उ डा | डा उ डा उ

‘थेई’ हा एकच बोल दुसऱ्या मात्रेला डाव्या पायावर आहे, तिसऱ्या मात्रेला उजव्या. ‘तत्’ चौथ्या मात्रेला डावा, आठव्या मात्रेला उजवा. म्हणजे बोलावरून पाय कळत नाही. पायांची ओळ वेगळी लिहावीच लागते. चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो, आणि आठवीनंतर पुन्हा ‘ता’ येतो तेव्हा उजवा लागोपाठ दोनदा. नवख्या हाताने लिहिलेल्या वहीत बहुधा पाचव्या मात्रेला उजवा असतो, कारण पाय आळीपाळीनेच पडणार असे मन गृहीत धरते. तिथून पुढचे सगळे पाय उलटे होतात, आणि बोल व मात्रा मात्र अचूक दिसत राहतात.

युरोपात काळ आणि अंग एकाच चिन्हात बसवण्याचा प्रयत्न झाला. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीत चिन्हाची लांबी म्हणजे हालचालीला लागणारा वेळ. कल्पना उत्तम आहे, पण अलपद्म या एका मुद्रेतली पाच बोटे नेमकी दाखवायला तिथे चिन्हांची गर्दी होते, आणि आपल्याकडे त्याच आकाराला एका शब्दाचे नाव आधीच आहे. म्हणून सराववहीत तालाची चौकट आणि ग्रंथातली नावे एकत्र ठेवणेच सोयीचे पडते.

चित्रीकरणाने या जुन्या अडचणीत एक नवी भर घातली, ती डाव्या-उजव्याची. समोरून पाहताना नर्तिकेचा उजवा आपल्या डावीकडे असतो. तेव्हा वहीत नेहमी तिच्या अंगाचा उजवा-डावा लिहायचा. पण मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेली फीत कधी कधी आरशासारखी उलटलेली असते, आणि तत्कारातली लागोपाठ पावले उलटल्यावरही त्याच मात्रांवर राहत असल्याने नुसत्या पायांकडे पाहून शंका येत नाही. ती खूण पायांबाहेर शोधावी लागते. लाकडी दायां, म्हणजे एरवी उजव्या हाताने वाजणारा तबला, तबलजीच्या डाव्या हाताखाली दिसत असेल, पदर उजव्या खांद्यावर असेल, मागची अक्षरे उलटी असतील, तर फीत उलटलेली समजावी. डावखुरा तबलजी विरळा असला तरी असतो, म्हणून एका खुणेवर विसंबू नये.

द्रुत लयीत डोळ्यांचीही मर्यादा आहे. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चौगुन, म्हणजे मात्रेला चार आघात, चालली तर दोन आघातांमध्ये सुमारे ०.०६ सेकंद जातात, आणि सेकंदाला २५ चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याची एक चौकट ०.०४ सेकंदांची असते. दोन आघातांमध्ये दीडच चौकट आली की पाय उचलला कधी हे दिसतच नाही, पडद्यावर पुसट रेषा उरते. फीत कितीही संथ केली तरी जे टिपलेच गेले नाही ते दिसणार नाही. अशा जागी आधी घुंगरांचा आवाज ऐकून आघातांची संख्या पक्की करावी, मग विलंबित लयीत तोच तुकडा कुठे झाला असेल तर तिथून पाय घ्यावेत. दोन्ही नसेल तर पायांची ओळ त्या मात्रांपुरती कोरी ठेवून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे आणि पुढच्या तालमीला गुरूंकडून ती जागा भरून घ्यावी.