द्विमान बेरजेतला हरवलेला हातचा

४५ आणि २७ यांची बेरीज करताना आपण शाळेत शिकल्याप्रमाणे म्हणतो, ‘पाच आणि सात बारा, बाराचे दोन, हातचा एक.’ हा हातचा दहाला येतो, कारण आपल्या अंकांत ९ च्या पुढे एकाच घरात मावेल असा अंक नाही. १९५७ पूर्वीच्या वहीखात्यात मात्र आण्यांच्या रकान्यातला हातचा सोळाला येत असे, कारण सोळा आणे झाले की एक रुपया डावीकडे सरकायचा. म्हणजे हातचा कधी घ्यायचा हे ठरते ते पुढच्या घराची किंमत मागच्या घराच्या किती पट आहे यावरून. द्विमान पद्धतीत ती दुप्पट असते आणि अंक दोनच, ० आणि १, म्हणून तिथे हातचा दोनालाच येतो.

या पद्धतीतली घरे उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा किमतींची असतात. ४५ म्हणजे ३२ + ८ + ४ + १, म्हणून ती संख्या १०११०१ अशी लिहायची; २७ म्हणजे १६ + ८ + २ + १, म्हणून ११०११. एका घरात दोन १ आले तर खाली ० मांडून हातचा १ घ्यायचा, आणि वरच्या हातच्यासह तीन १ आले तर खाली १ मांडून हातचाही १ घ्यायचा. तीनपेक्षा जास्त १ एका घरात येऊच शकत नाहीत, त्यामुळे दोनच संख्या मिळवत असताना हातचा कधीही १ पेक्षा मोठा होत नाही. नियम एवढेच.

```
हातचे    १ १ १ १ १ १
४५         १ ० १ १ ० १
२७         ० १ १ ० १ १
बेरीज    १ ० ० १ ० ० ०
```

हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे, कारण यात सहाच्या सहा घरांतून हातचा निघतो. उजवीकडच्या तीन घरांत दोन-दोन १ जमतात आणि खाली ० येते. चौथ्या, म्हणजे ८ च्या घरात हातच्यासह तीन १ येतात, म्हणून खाली १ उरतो. पुढच्या दोन्ही घरांत पुन्हा ० येऊन शेवटचा हातचा सातव्या, ६४ च्या घरात एकटाच उतरतो.

आता पडताळा. उत्तर दशमानात आणण्याची सोपी रीत अशी, की डावीकडून सुरुवात करून प्रत्येक पायरीला आधीच्या संख्येची दुप्पट करायची आणि पुढचा अंक तीत मिळवायचा. १००१००० साठी १, २, ४, ९, १८, ३६, ७२ अशी साखळी मिळते, आणि ४५ + २७ ही बेरीजही ७२ च आहे.

पडताळा जुळला नाही तर तो आणखी उपयोगी पडतो, असे मला वाटते. समजा, ८ च्या घरातून निघालेला हातचा पुढे घ्यायचा राहिला. मग १६ च्या घरात एकच १ राहील, ३२ च्या घरातही एकच, आणि उत्तर येईल १११०००, म्हणजे ५६. हे दिसायला खऱ्या उत्तरापेक्षा अगदी वेगळे आहे, दोन अंक बदलले आणि एक घर कमी झाले. पण दशमानातला फरक ७२ − ५६ म्हणजे नेमका १६ आहे. एकच हातचा विसरला असेल तर तुटीचा आकडा ज्या घरात तो पोहोचायला हवा होता त्या घराची किंमत सांगतो, आणि सगळी बेरीज पुन्हा न करता तेवढेच घर तपासता येते. मात्र त्याआधी मूळ दोन्ही संख्या याच दुपटीच्या रीतीने परत दशमानात आणून पाहाव्यात, कारण २७ ऐवजी चुकून ११००१, म्हणजे २५, लिहिले गेले तर बेरीज बिनचूक करूनही २ ची तूट येते आणि आपण नसलेला हातचा शोधत बसतो.

दशमानात न जाताही एक पडताळा करता येतो. प्रत्येक हातच्याच्या वेळी दोन १ जाऊन त्यांच्या जागी एकच १ उरतो. म्हणून दोन्ही संख्यांतले मिळून जितके १ असतील, त्यातून हातच्यांची संख्या वजा केली की उत्तरातले १ मिळायला हवेत. आपल्या बेरजेत ४ + ४ − ६ = २, आणि उत्तरात दोनच १ आहेत. चुकलेल्या बेरजेत चारच हातचे निघाले, म्हणजे उत्तरात चार १ हवे होते, पण आहेत तीन. अर्थात १ चुकून शेजारच्या घरात लिहिला गेला तर ही मोजणी बिघडत नाही, म्हणून ती दशमान पडताळ्याची जागा घेऊ शकत नाही.

संगणकात संख्येसाठी आठच घरे राखून ठेवलेली असतील, तर हातचा कोणी न विसरताही हरवतो. २०० म्हणजे ११००१०००, १०० म्हणजे ०११००१००, आणि त्यांची बेरीज १००१०११००, म्हणजे नऊ अंकी. नवव्या अंकाला जागा नसल्याने तो गळतो, मागे ००१०११०० उरते आणि उत्तर ४४ दिसते. ३०० पेक्षा ते बरोबर २५६ ने कमी आहे, आणि २५६ हीच नवव्या घराची किंमत आहे.