‘डबल लाइट’ म्हणजे नेमका किती उजेड?

नवजात बाळाची कावीळ वाढली की वॉर्डात एक शब्द हमखास कानावर येतो, ‘डबल’. केसपेपरवर ‘डबल फोटोथेरपी’ लिहिलेलं असतं, आई घरी फोनवर सांगते, “बाळाला डबल लाइटखाली ठेवलंय.” पण हा शब्द दिवे मोजतो, बाळापर्यंत पोहोचलेला उजेड मोजत नाही. हा गोंधळ कुठून आला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मूळ कथा बहुतेकांना ठाऊक असते. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सिस्टर त्यांना उन्हात न्यायची. एका बाळाच्या अंगावरचा चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळा राहिला आणि उघडं अंग फिकं पडलं. खिडकीत राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातलं बिलिरुबिनही, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्यही, उतरलेलं आढळलं. 1958 साली दिव्यांचा पहिला पाळणा छापून आला. अमेरिकेत मात्र ही पद्धत रुळायला 1968च्या चाचणीपर्यंत थांबावं लागलं.

त्या काळी समज असा होता की, उन्हात कपड्याचा रंग विटावा तसं बिलिरुबिन विटतं. तसं थोडं होतं, पण मुख्य काम वेगळं आहे आणि ते 1970च्या दशकाअखेर व 80च्या दशकात उलगडलं. बिलिरुबिनचा रेणू स्वतःभोवती घडी घालून बसलेला असतो, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही. निळा उजेड पडला की ही घडी उलगडते. उलगडलेला रेणू यकृताच्या प्रक्रियेची वाट न पाहता पित्तातून शौचावाटे आणि काही प्रमाणात लघवीतून बाहेर पडतो. उलगडलेल्या रेणूचं एक रूप चटकन तयार होतं आणि तितक्याच सहज परतही फिरतं. दुसरं हळू तयार होतं, पण ते परत फिरत नाही, आणि बाहेर जाण्यात त्याचा वाटा मोठा. हे सगळं घडतं ते कातडीत आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत. म्हणून उघडं अंग आणि त्यावर पडणारा निळा उजेड हे दोनच हिशेब खरे.

निळा म्हणजे अतिनील नव्हे. “बाळाला किरणं देतायत” या वाक्यानं घरोघर एक्स-रेची भीती शिरते. इथला उजेड 460 ते 490 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, डोळ्यांना दिसणारा निळाच असतो. उन्हात तो असतो, पण सोबत अतिनील आणि उष्णताही असते. म्हणून अंगणातल्या कोवळ्या उन्हावर उपचार सोपवता येत नाही.

आता ‘डबल’कडे. जुन्या युनिटमध्ये बाळाच्या वर सहा-आठ ट्यूब असत. निव्वळ निळ्या ट्यूब सर्वांत गुणकारी, पण त्यांखाली काम करणाऱ्या सिस्टरना मळमळायचं, चक्कर यायची आणि बाळ निळं पडतंय का हे ओळखता येत नसे. ही तक्रार खोटी नव्हती. तोड म्हणून मध्ये पांढऱ्या ट्यूब बसवल्या गेल्या. बाळाचा रंग दिसू लागला, उजेडाची ताकद उतरली. मग उतरलेली ताकद भरून काढायला खालून किंवा बाजूने दुसरं युनिट लावायचं, हाच ‘डबल’. दोन्ही बाजूंची कातडी उजेडात आली तर त्याचा फायदा आहेच. पण शब्द तिथंच गोठला आणि ट्यूब जुन्या झाल्या तरी चालत राहिला. ट्यूब आणि सीएफएल डोळ्यांना झगझगीत दिसत राहतात आणि त्यांच्यातला उपयोगी निळा उजेड मात्र झिजत जातो. नुसतं बघून हे कळत नाही.

मोजायचं साधन म्हणजे फ्लक्स मीटर. साध्या फोटोथेरपीत ते 8-10 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटीमीटर प्रति नॅनोमीटरच्या आसपास दाखवतं, तर तीव्र फोटोथेरपीसाठी 30 किंवा जास्त हवं. 2004च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हा आकडा ठळक केला आणि माझ्या मते ‘डबल’ शब्द तेव्हाच निवृत्त व्हायला हवा होता. एलईडी आल्यावर तर एकच चांगलं युनिट जुन्या दोघांना मागे टाकू लागलं. एलईडी फारसे तापत नाहीत, म्हणून बाळाच्या जवळ आणता येतात. हॅलोजन दिवा तसा आणला तर भाजतं.

एक बाळ घेऊ. 37 आठवड्यांचं, जन्माचं वजन 2.6 किलो, वय 60 तास, बिलिरुबिन डेसिलिटरमागे 17.2 मिलिग्रॅम. दिवे लावायची रेषा या बाळासाठी साडेचौदाच्या आसपास. ‘डबल’ सुरू झालं आणि 24 तासांनी आकडा आला 16.4, म्हणजे घट पाच टक्क्यांच्याही आत. साध्या दिव्यांनी 6 ते 20 आणि तीव्र दिव्यांनी 30 ते 40 टक्के घट अपेक्षित असते. आता सिस्टर पाळण्याजवळ जाऊन पाहते. वरचं एलईडी युनिट बाळापासून 60 सेंटीमीटर उंचावर. खालच्या युनिटवर काच गार लागते म्हणून कुणीतरी दुपट्याची घडी टाकलेली. लंगोट कमरेच्या वर. पोटाजवळ मीटरचं वाचन 9. वजन 2.34 किलो, म्हणजे जन्माच्या वजनाच्या दहा टक्के खाली, आणि बाळ नीट पीत नाहीये.

दुपटं निघालं, लंगोट लहान झाला, एलईडी उत्पादकानं दिलेल्या अंतरावर, 30 सेंटीमीटरवर उतरला. वाचन 32. दर दोन-तीन तासांनी आईजवळ घेऊन पाजणं सुरू झालं. तेवढा वेळ दिवा बंद, आणि डोळ्यांची पट्टीही काढायची. आईनं बाळाचे डोळे पाहावेत आणि सिस्टरनं ते चिकटलेत का, हे तपासावं. ती पट्टी घसरून नाकावर आली तर श्वास अडतो, म्हणून तिच्यावर सतत नजर लागते. वरून पाणी किंवा ग्लुकोज पाजायची सवय तापणाऱ्या ट्यूबच्या काळातली आहे. पाण्यानं शौच होत नाही आणि आतड्यातलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. दूधच हवं, पुरत नसेल तर काढलेलं दूध वाटीचमच्यानं. हिरवट पातळ शी पाहून घाबरू नये, बाहेर निघतंय त्याचीच ती खूण. मात्र लघवी किती वेळा झाली आणि दर तीन-चार तासांनी ताप किती, याची नोंद हवी.

बारा तासांनी आकडा 12.9. नमुना घेताना दिवा बंद केला होता. चालू दिव्याखाली रक्त काढलं तर नळीतलं बिलिरुबिनही उतरतं. दिव्याखालच्या कातडीचा रंग पाहून अंदाज बांधणं तर पूर्ण व्यर्थ, ती पहिल्यांदा फिकी पडते. दुसऱ्या दिवशी 11.2 आला, रेषेच्या तीन अंक खाली, दिवा बंद झाला. बारा तासांनी पुन्हा तपासलं तेव्हा 12. एवढी उसळी चालते.

मीटर 32 दाखवत असतानाही आकडा वर चढत गेला असता, तर दिव्यांत खोट शोधायची नसती. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह आहे का, बाळाच्या रक्तपेशी फुटताहेत का, हे पाहावं लागलं असतं आणि रक्तबदलाची तयारी ठेवावी लागली असती.